निर्गुंडी तेल एकच, शीर्षकं तीन: ऑनलाइन लिस्टिंगला कोणतं द्यावं?

साखर पेठेतले एक विक्रेते परवाना असलेल्या छोट्या कारखान्यातून निर्गुंडीचं तेल घेतात आणि ऑनलाइन विकतात. त्यांच्या लिस्टिंगसाठी आम्ही तीन शीर्षकं मांडली.

अ) संधिवातावर रामबाण निर्गुंडी तेल, 7 दिवसांत आराम
ब) गुडघेदुखी-सांधेदुखीसाठी निर्गुंडी तेल
क) निर्गुंडी तेल – तिळाच्या तेलात सिद्ध, पाय व पाठ मालिशसाठी, बाह्य वापर, 100 मिली

‘अ’वर फार वेळ घालवायची गरज नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे. त्याच्या अनुसूचीत 54 रोग-विकार दिलेत आणि त्यात संधिवात आहे. लेबल, वेष्टन, पत्रक हे सगळं या कायद्यात ‘जाहिरात’ धरलं जातं. व्याख्या इतकी रुंद आहे की धुरातून दिलेला संदेशही तिच्यात येतो! पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘7 दिवसांत’ हा आकडा तर हातात कुठलाही पुरावा नसताना घातलेला होता.

खरा पेच ‘ब’ आणि ‘क’ यांच्यात पडला. विक्रेत्यांचं म्हणणं रास्त होतं: “गिऱ्हाईक ‘गुडघेदुखी तेल’ असंच टाइप करतं, ‘मालिश’ कोण लिहितंय?” गुडघेदुखी हा शब्द त्या यादीत नाही, हेही खरं. पण कायदा रोगाचं नाव सरळ घेण्यापुरता थांबत नाही. जी जाहिरात त्या रोगासाठी औषध वापरायला सुचवते, तीही त्यात सापडू शकते. ‘सांधेदुखीसाठी’ असं लिहून खाली लाल वर्तुळ काढलेला गुडघ्याचा एक्स-रे लावला, तर वाचणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार? आमच्याकडे नेमकं हेच घडलं. शब्द सौम्य केले, पण चित्र जुनंच राहिलं आणि लिस्टिंग बंद पडली. पुन्हा सुरू करताना शीर्षक, चित्रं, वर्णन आणि लपवलेले शोधशब्द सगळंच साफ करावं लागलं. म्हणून ‘ब’ ही मला सर्वांत फसवी निवड वाटते. ते सुरक्षित दिसतं, पण सुरक्षित आहे की नाही हे तुमच्या बाकीच्या पानावर ठरतं.

‘क’ निवडलं तर शोधातून येणारी काही गिऱ्हाइकं हातची जातात, हे मान्य करूनच पुढे जायचं. पण घटक लिहिणं म्हणजेही एक दावा करणं आहे, आणि तो खरा असला पाहिजे. ‘सिद्ध’ हा शब्द उगाच लावायचा नसतो. तेल सिद्ध करण्याचं सर्वसाधारण प्रमाण असं: कल्क म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा ओला गोळा एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे एक किलो तिळाच्या तेलाला पाव किलो वाटलेला कल्क आणि चार लिटर निर्गुंडीचा रस, तेही मंद आचेवर पाणी आटेपर्यंत. झालं की नाही हे कळायला कल्क बोटांत वळून पाहायचा. त्याची वात वळली आणि विस्तवावर धरल्यावर ती तडतडली नाही, की पाणी गेलं असं समजायचं. तयार तेलात नुसता निर्गुंडीचा अर्क टाकला असेल, तर ‘सिद्ध’ लिहू नका, ‘निर्गुंडी अर्कयुक्त’ लिहा.

दुसरी मेख नावात आहे. ग्रंथोक्त नाव लावायचं तर पाठही, म्हणजे घटक आणि कृती, ग्रंथातलाच हवा. आपल्याकडे करडई सहज मिळते म्हणून तिळाऐवजी करडईचं तेल वापरलं, तर तो पाठ बदलला. मग ते मालकी, म्हणजे उत्पादकाच्या स्वतःच्या पाठाच्या, औषधाच्या वर्गात जातं, आणि परवान्यावर आणि लेबलवर तसंच असायला हवं. शीर्षकातलं नाव आणि बाटलीवरचं नाव यांची अक्षरं ताडून पाहा, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांकही पाहा.

वापराचे शब्द मात्र मोकळेपणी लिहा: मालिश, अभ्यंग, रात्री झोपण्यापूर्वी पायांना चोळण्यासाठी. आषाढीच्या सुमारास ‘चालून थकलेल्या पायांना मालिशसाठी’ असं वर्णनात टाकायला हरकत नाही. थकवा म्हणजे आजार नव्हे, आणि पंढरपूरला पायी जाणाऱ्यांना तो शब्द समजवावा लागत नाही. ‘दुखणं घालवणारं’ मात्र लिहू नका.

मोबाईलवर लांब शीर्षक मागून तुटतं, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नाव, मग तेलाचा आधार, मग वापर, शेवटी माप. विक्रेत्यांनी ‘क’ घेतलं, फक्त ‘बाह्य वापर’च्या जागी ‘फक्त बाह्य वापरासाठी’ केलं, कारण एका गिऱ्हाइकाने हे तेल दुधातून घ्यायचं का, असं विचारलं होतं.