‘हॅव रिसीव्हड’ की नुसतं ‘रिसीव्हड’?

वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यातून पुण्याच्या ग्राहकाला शुक्रवारी जाणारा प्रगतीचा इंग्रजी ईमेल घ्या. क्रियापदांच्या तीन जागा रिकाम्या आहेत: कास्टिंग सोमवारी मिळाली, आतापर्यंत चाळीस नग मशीनिंग झाले, टेस्ट रिपोर्ट अजून आला नाही.

पहिल्या जागेत बहुतेक जण ‘हॅव रिसीव्हड’ भरतात. मराठीत ‘माल सोमवारी आला आहे’ चालतं, म्हणून हात तिकडेच वळतो. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’ ही संपलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ बसत नाही, सिंपल पास्टच हवा: ‘वी रिसीव्हड’. तेच ‘ऑन मंडे’ काढून टाका, ‘हॅव रिसीव्हड’ लगेच बरोबर ठरतं, कारण आता माल हाती आहे एवढंच सांगायचंय. दुसऱ्या जागेत ‘सो फार’ आहे, मोजणी चालूच आहे, म्हणून ‘हॅव मशीन्ड’. तिसरीत ‘येट’ आहे, म्हणून ‘हॅज नॉट अराइव्हड’. अमेरिकन लोक इथे ‘डिड नॉट अराइव्ह येट’ही बोलून जातात, पण परीक्षेत पहिलंच लिहा.

खरी गोची ‘धिस मॉर्निंग’ची. सकाळी अकराला लिहिताना ‘हॅव टेस्टेड’ चालतं, दुपारी चारला ‘टेस्टेड’च. म्हणून रिकामी जागा भरण्याआधी ईमेलवरची वेळ वाचा. उत्तर कधीकधी तिथेच असतं.