पाणी अडवा, पाणी जिरवा की जलसंधारण करा?

गावच्या प्रभातफेरीसाठी दोन घोषणा धरा. एक जुनी, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’, दुसरी ‘जलसंधारण करा, भूजल पातळी वाढवा’. अर्थ जवळपास एकच, पण पहिलीच चालते भाऊ, कारण मात्रा मोजा ना, पाणी ४ अडवा ४, पाणी ४ जिरवा ४, दोन्ही अर्धे ८-८चे, पाऊल बरोबर पडते अन् ‘पा’चा ठोका दोनदा बसते, शेवटी ‘वा’ जुळते, म्हणून पुढचा अर्धं म्हणते अन् मागचे पोट्टे आपोआप उरलेलं ओरडतात. दुसरीत ११ अन् १४, शिवाय सुरुवातीचं अक्षरही जुळत नाही, ‘पातळी’वरच दम संपते. पण तालात एक खोट हाये, ‘पाणी जिरवा, पाणी अडवा’ असं उलटं म्हटलं तरी मात्रा तेवढ्याच भरतात, चूक कानाला लागतच नाही, म्हणून क्रम पोट्ट्यायले समजावूनच सांगा, आधी अडवाचं, मग जिरवाचं.