फोटोवरून वृक्षाकृती सोडवून देणं: जूनपासूनचा अनुभव

शाळा सुरू झाल्यापासून शिकवणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही एक पद्धत चालवतोय. मुलाने संभाव्यतेच्या वृक्षाकृतीचा फोटो पाठवायचा. आम्ही थेट उत्तर न देता आधी ती आकृती कोऱ्या कागदावर पुन्हा काढायची, आकडे तपासायचे आणि मग पायऱ्यांसकट परत पाठवायची. मुलुंडपासून परळपर्यंतची मुलं आहेत, पावसात रुळांवर पाणी आलं की शिकवणी फोनवरच होते, त्यामुळे पद्धत भरपूर वापरून झाली. राज्य मंडळाच्या दहावीत नमुना अवकाश लिहून गणितं सोडवतात, म्हणून हे फोटो बहुतेक आयजीसीएसईच्या मुलांचे असतात.

पद्धत चांगली आहे, पण फोटो वाचण्याचं काम गणितापेक्षा नाजूक आहे.

नेहमीचं गणित घ्या. पिशवीत ५ लाल आणि ३ हिरव्या गोट्या. एकामागून एक दोन काढायच्या, पहिली परत ठेवायची नाही. नेमकी एक लाल असण्याची संभाव्यता किती? फोटोत डावीकडून दोन फांद्या निघतात, ५/८ आणि ३/८. प्रत्येकीच्या टोकाला पुन्हा दोन. पेन्सिलीने काढलेलं, वहीच्या मागच्या पानावरची शाई उमटलेली, आणि व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केलेला. दुसऱ्या टप्प्यातल्या अपूर्णांकांचा छेद ७ आहे की ८, हे झूम करूनही कळत नाही. मूल विचारतं, "ताई, खाली सात लिहिलंय की आठ? मलाच वाचता येत नाहीये."

इथे अंदाज चालत नाही, कारण अंदाज चुकला तरी उत्तर दिसायला ठीकच येतं. पहिली गोटी परत ठेवली असं धरलं तर उत्तर ३०/६४, म्हणजे १५/३२. परत न ठेवता ३०/५६, म्हणजे १५/२८. वरचा ३० दोन्हीकडे तोच. फरक फक्त छेदात, आणि फोटोत पुसट झालेला तोच.

सोडवायची किल्ली अशी: एका फाट्यातून निघणाऱ्या फांद्यांची बेरीज १ झालीच पाहिजे. वरच्या फाट्यावर अंश ४ आणि ३ वाचता येत असतील तर छेद ८ असूच शकत नाही, बेरीज ७/८ होईल. खालच्या फाट्यावर ५ आणि २ असतील तरी तेच. म्हणजे छेद ७, आणि प्रश्न 'परत न ठेवता'चा. प्रश्नाची ओळ फोटोत कापली गेली असली तरी (आणि ती हमखास कापली जाते) एवढ्यावरून कळतं. तरी आम्ही ती ओळ मागवतोच. अंशही पुसट असतील तर दुसरा इलाजच नाही.

मग आकृती पुन्हा काढायची. कागद आडवा धरायचा, फांद्या लांब काढायच्या, अपूर्णांक फांदीच्या मधोमध लिहायचा आणि टोकाला रंगांची जोडी. जवळजवळ काढलेल्या फांद्यांवर कोणता आकडा कोणत्या फांदीचा हेच कळत नाही, आणि मुलांच्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथे असतं. फांदीवरून टोकाकडे जाताना गुणाकार:

लाल-लाल ५/८ × ४/७ = २०/५६
लाल-हिरवी ५/८ × ३/७ = १५/५६
हिरवी-लाल ३/८ × ५/७ = १५/५६
हिरवी-हिरवी ३/८ × २/७ = ६/५६

हे अपूर्णांक इथे संक्षिप्त करायचे नाहीत, हे आम्ही दर वेळी ठळक लिहितो. २०/५६ चे ५/१४ आणि ६/५६ चे ३/२८ करून ठेवले की बेरजेच्या वेळी पुन्हा समान छेद शोधत बसावं लागतं. शिवाय चारही टोकांचे अंश मिळून ५६ होतात ही तपासणी हातची जाते. नेमकी एक लाल म्हणजे मधली दोन टोकं: १५ + १५ = ३०, म्हणून ३०/५६, आणि आता शेवटी १५/२८.

गुणाकार का, बेरीज का नाही, असं मूल विचारतंच. सर्वांत लवकर पटतं ते मोजून. पहिल्या गोटीचे ८ पर्याय, प्रत्येकासोबत दुसरीचे ७, एकूण ५६ क्रमवार जोड्या. पहिली लाल व दुसरी हिरवी अशा जोड्या ५ × ३ = १५. राज्य मंडळाच्या मुलाला n(S) = ५६ आणि n(A) = ३० असं लिहून दाखवलं की वृक्षाकृती त्याच्या ओळखीची होते.

आता या पद्धतीची खरी कमजोरी. बेरीज १ येते म्हणून आकृती बरोबर आहे असं नव्हे. वरच्या फाट्यावर ४/७ आणि ३/७ ची अदलाबदल झाली, मुलाकडून लिहिताना किंवा तिरक्या फोटोमुळे आमच्याकडून वाचताना, तरी फाट्याची बेरीज १ च राहते. टोकं होतात १५, २०, १५, ६. एकूण ५६ च. आणि नेमकी एक लाल येते ३५/५६, म्हणजे छान सुटसुटीत ५/८. पहिल्या फांदीवरही ५/८ च असल्यामुळे मुलाला ते हमखास बरोबर वाटतं.

हे पकडायला आम्ही नंतर एक तपासणी वाढवली, आणि तिच्यावर आता सर्वांत जास्त भरवसा आहे. एकाच पिशवीतून गोट्या काढल्या असतील तर लाल-हिरवी आणि हिरवी-लाल या दोन टोकांची संभाव्यता सारखीच आली पाहिजे, कारण ५ × ३ आणि ३ × ५ एकच. एकीकडे २०, दुसरीकडे १५ दिसलं की कुठेतरी अदलाबदल आहे. मात्र ही तपासणी पिशवी, पत्ते, मोजे असल्या गणितांपुरतीच. 'पाऊस पडला तर गाडी उशिरा येण्याची संभाव्यता ०.६, नाही पडला तर ०.१' अशा आकृतीला ती लावायची नाही, तिथे मधली टोकं सारखी असण्याचं काहीच कारण नसतं. अशा दशांशाच्या फोटोंत वेगळीच अडचण येते: दशांशचिन्हच उडतं. ०.६ च्या जोडीला ०.४ हवा, आणि दिसतं ०४. तिथे पुन्हा फाट्याची बेरीजच कामी येते.

फोटोसाठी आमच्या सूचना दोनच. पानाच्या बरोबर वरून काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. वहीच्या पानाखाली गडद कागद ठेवला तर मागची शाई कमी उमटते. बाकी ॲपने फोटो उजळवणं वगैरे फारसं उपयोगी पडलं नाही. पेन्सिलीची अपूर्णांकरेषा त्यात आणखी फिकी होते.

'किमान एक हिरवी' सारखा प्रश्न फोटोवरून सहज निघतो: तीन टोकं मिळवण्यापेक्षा १ मधून लाल-लाल वजा करायचं, ३६/५६, म्हणजे ९/१४. उलटा प्रश्न मात्र लिहून पाठवून समजत नाही. दुसरी गोटी हिरवी निघाली हे माहीत आहे, तर पहिली लाल असण्याची संभाव्यता किती? मुलं १५/५६ लिहून मोकळी होतात. इथे आम्ही फोन लावतो. दुसरी हिरवी नसलेली दोन्ही टोकं मुलाला पेन्सिलीने खोडायला लावायची. उरतात १५ आणि ६. एकूण आता ५६ नाही, २१. त्यातले १५, म्हणून १५/२१, म्हणजे ५/७. टोकं स्वतःच्या हाताने खोडल्याशिवाय छेद का बदलला हे कळत नाही, आणि आम्ही खोडून पाठवलेल्या फोटोवरून तर मुळीच नाही.