टाकी धुण्याची एएमसी : जुळे सोलापुरातल्या एका इमारतीत नऊ महिने वापरल्यावर

लिफ्टची एएमसी सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाचा करार, ठरलेल्या फेऱ्या, मशीनजवळ लटकवलेलं कार्ड आणि बिघाड झाला तर एक फोन. हाच करार कुणी हौद आणि गच्चीवरच्या टाक्यांसाठी देऊ केला, तर सोलापुरात तो घ्यावा का? आमचं उत्तर आहे, घ्यावा. मात्र लिफ्टचा करार जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच फेरीत फसतो.

इमारत १२ फ्लॅटची. खाली सुमारे १५,००० लिटरचा हौद (३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, २ मीटर खोल), वर ५,००० लिटरच्या दोन टाक्या. करारात वर्षाला धुण्याच्या चार फेऱ्या आणि दर महिन्याला एक छोटी तपासणी. नऊ महिन्यांत धुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या.

लिफ्टवाला दर महिन्याच्या ५ तारखेला आला तरी चालतं. टाकीवाला तारखेला आला तर नुकसान करतो. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी सुटतं, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी हौद उपसला तर भरलेला साठा गटारात जातो. म्हणून करारात महिना लिहू नये, पाळी लिहावी : ‘पाळीच्या आदल्या दिवशी, हौद तळाला गेल्यावर’. तळाला १५ सेंटीमीटर पाणी उरलं तर ते साधारण १,१०० लिटर होतं. त्यातच भिंती घासायच्या आणि मग ते गाळासकट उपसायचं. वाया जाणारं पाणी एवढंच, शिवाय शेवटच्या खळबळण्याचं.

दुसरी गोष्ट क्रमाची. हौद आणि वरच्या टाक्या एकाच दिवशी उरकायची सवय सगळीकडे दिसते, आणि ती चुकीची आहे. वरच्या टाक्या आधी धुतल्या तर त्यात न धुतलेल्या हौदातलं पाणी चढतं. सगळं एकदम रिकामं केलं आणि पाळी पुढे गेली तर इमारत कोरडी पडते. योग्य क्रम असा : आदल्या दिवशी हौद उपसायच्या आधी वरच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घ्यायच्या. १२ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला साडेसहा हजार लिटर लागतात. म्हणजे वरचे १०,००० लिटर दीड दिवस पुरतात. तेवढ्यात हौद धुवायचा, पाळीला तो ताज्या पाण्याने भरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वरच्या टाक्या एकामागून एक धुवायच्या. एक टाकी बंद असताना दुसरी चालू राहते. याचा अर्थ एका फेरीसाठी माणसांना दोनदा यावं लागतं. जो ठेकेदार एकाच भेटीचा दर सांगतो, त्याचा दर कमी वाटतो याचं कारण हेच आहे.

पाळी सरकणं हा या करारातला खरा धोका. मुख्य जलवाहिनी फुटली किंवा उपसा केंद्रावर वीज गेली की दिवस पुढे जातो. त्यामुळे हौद उपसायच्या सकाळी चावीवाल्याला विचारून खात्री करायची, आणि पाळी नक्की नसेल तर फेरी पुढच्या पाळीवर ढकलायची, जादा पैसे न घेता. हे वाक्य करारात हवंच. गड्डा यात्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, तेव्हा फेरी ठेवूच नये. दीड दिवसाचा साठा तेवढा पुरत नाही.

धुण्याच्या कामाची प्रत कशी ओळखायची? भिंतीवर पाण्याची रेघ असते, तिच्या जरा वर डासांची काळी बारीक अंडी चिकटलेली असतात. डेंग्यूचा डास तिथेच घालतो, आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसत्या पाइपच्या मारानं ती सुटत नाहीत, ब्रशनं घासावी लागतात. प्लॅस्टिकच्या टाकीला नायलॉनचा ब्रश हवा. तारेच्या ब्रशनं ओरखडे पडतात आणि शेवाळ त्यातच पुन्हा धरतं. काम झाल्यावर रेघेखाली बोट फिरवावं. बुळबुळीत लागलं तर घासणं झालेलं नाही.

घासून झाल्यावर ब्लीचिंग पावडर. २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला ८ ग्रॅम पुरे. आधी थोड्या पाण्यात कालवून चोथा खाली बसू द्यायचा, वरची निवळी वापरायची. ती भिंतींना लावून अर्धा तास ठेवायची आणि मग धुऊन काढायची. उघड्या पोत्यातली पावडर जोर गमावते, म्हणून बंद पाकीट समोर फोडायला सांगावं.

क्षार काढायला काही जण ॲसिड आणतात. ते हौदात नको. सिमेंटचा गिलावा ते खातं, आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, जो बंद हौदात माणसाचा जीव घेऊ शकतो. क्षार मुख्यतः फ्लोट व्हॉल्व्हवर त्रास देतो. तो काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवला की सुटतो. हौदात उतरण्याआधी झाकण तासभर उघडं ठेवायचं, पंख्यानं हवा सोडायची, उतरणाऱ्याला दोर आणि वर एक माणूस. पेट्रोल-डिझेलचा पंप आत कधीच नाही. आमच्या ठेकेदाराचा एकच माणूस दुसऱ्या फेरीला आला, तेव्हा काम थांबवावं लागलं. आता करारात ‘किमान दोन माणसं’ असं लिहिलं आहे.

लिफ्टच्या धंद्यातून घेण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे सुट्या भागांसकटचा करार. लिफ्टमध्ये तो महाग पडतो, कारण मोटार आणि दोर महाग. टाकीत मात्र लागतं काय? फ्लोट, वॉशर, झाकण, ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपला बांधायची जाळी. हे भाग करारात घेतले की फ्लोट अडकून पाणी वाहू नये ही चिंता ठेकेदाराचीही होते. गळती आणि वॉटरप्रूफिंग मात्र वगळावं, नाहीतर तो दर दुप्पट सांगेल.

महिन्याची तपासणी बहुतेक जण फुकट समजून टाळतात. आम्हाला ती धुण्यापेक्षा जास्त उपयोगी वाटली. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तीन महिन्यांतून एकदा धुऊन तो थांबत नाही, फाटलेली जाळी बदलून थांबतो. तपासणीत पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून दाखवणारी ओ.टी. चाचणीही करून घ्यावी, आणि दोन जागी : पाळीच्या वेळी नळावर आणि दोन दिवसांनी वरच्या टाकीत. नळावर पिवळसर रंग आला आणि टाकीत काहीच नाही, तर दोष बहुधा टाकीतल्या गाळाचा. नळावरच रंग नसेल तर टाकीवाल्याशी भांडून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये काळ्या टाकीत पाणी तापतं आणि क्लोरीन लवकर उडतो, हेही लक्षात ठेवून निकाल वाचावा.

पैसे वर्षाचे आगाऊ देऊ नका. आमच्याकडे पहिली फेरी झकास, तिसरी उरकून टाकलेली, असं झालं. आता चार हप्ते आहेत आणि कार्डावर दोन्ही भेटींच्या सह्या झाल्याशिवाय हप्ता नाही.

एका घरची ५०० किंवा १,००० लिटरची टाकी असेल तर हा करार घेऊ नका. वर दिलेल्या मापानं घरच्या घरी अर्ध्या दिवसात होतं. वाड्यांत पिंप आणि रांजण भरून ठेवणाऱ्यांना तर याचा काहीच उपयोग नाही. तिथं दर पाळीला, नळ सुटायच्या आधी, पिंप उपडं करून आतून काथ्यानं घासणं आणि वर कापड बांधणं हाच इलाज.