प्रिन्स-टू घ्यावं की पीएमबॉक? रावेरच्या एका पॅकहाउसवर तपासून पाहू

समजा, रावेर-यावल पट्ट्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी निर्यातीच्या केळीसाठी पॅकहाउस बांधते आहे. शेड, धुण्याची-पॅकिंगची लाइन, प्री-कूलिंगची खोली आणि फळ तेरा-चौदा अंशांवर ठेवणारी दोन कोल्ड रूम. कामावर देखरेख करायला एक तरुण इंजिनिअर नेमलाय आणि संचालकांनी त्याला सांगितलंय, ‘भाऊ, जे काय करशील ते पद्धतशीर कर.’ आता पद्धत कोणती, हा प्रश्न त्याच्यापुढे आहे. खालचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत.

प्रिन्स-टू आणि पीएमबॉक ही प्रकल्प व्यवस्थापनातली दोन नावं एका दमात घेतली जातात, पण त्या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. प्रिन्स-टू ही ब्रिटिश सरकारच्या कामांतून घडलेली, 1996 साली सध्याच्या नावाने आलेली पद्धत आहे. कोण काय ठरवणार, कधी ठरवणार, कुठला कागद कुणाकडे जाणार हे ती सांगते. पीएमबॉक हा अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचा मार्गदर्शक ग्रंथ. व्यवसायात चांगलं काय मानलं जातं ते त्यात संकलित केलंय. त्यातलं काय उचलायचं ते तुम्ही ठरवायचं. 2017च्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया होत्या; 2021च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी सोडून 12 तत्त्वं आणि कामगिरीची 8 क्षेत्रं पुढे आणली. तेव्हा ‘पीएमबॉकप्रमाणे करतो’ असं कुणी म्हणालं, तर आधी आवृत्ती विचारावी.

खरा फरक दिसतो तो काम बिघडायला लागल्यावर.

प्रिन्स-टूमध्ये आपलं काम टप्प्यांत कापलं जाईल. सुरुवातीच्या आखणीनंतर पहिला टप्पा शेड आणि फरशीचा, दुसरा यंत्रं आणि वीजजोडणीचा, तिसरा चाचणीचा. वर प्रोजेक्ट बोर्ड असतं. त्यात पैशाची जबाबदारी घेणारा एक्झिक्युटिव्ह, म्हणजे इथे कंपनीचे अध्यक्ष. वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा एखादा केळी उत्पादक. आणि पुरवठ्याच्या बाजूने बोलणारा माणूस. बोर्ड एका वेळी एकाच टप्प्याला मंजुरी देतं आणि सोबत मोकळीक आखून देतं. दुसऱ्या टप्प्याला 40 लाख रुपये, वर 4 लाखांपर्यंत चालेल, तीन आठवडे उशीर चालेल. या रेषांच्या आत इंजिनिअरने कुणाला विचारायचं नाही. रेषा ओलांडली जाईल असा नुसता अंदाज जरी आला, तरी त्याने एक्सेप्शन रिपोर्ट लिहून बोर्डाकडे जायचं. अपवादाने व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

आता टप्पा अर्ध्यावर आलाय. ठरल्याप्रमाणे 20 लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालंय 18 लाखांचं, खर्च मात्र 21 लाख. रोखपाल म्हणेल, लाखभरच जास्त गेले, चार लाखांची सूट आहे, काळजी कसली? झालेल्या कामाची किंमत आणि झालेला खर्च ताडून पाहणारी, पीएमबॉकच्या परंपरेतली अर्न्ड व्हॅल्यूची पद्धत इथे कामाला येते. 18 ला 21 ने भागलं की 0.86 येतं, म्हणजे रुपयामागे शहाऐंशी पैशांचं काम होतंय. याच गतीने टप्पा संपेपर्यंत 40 लाखांचे जवळपास 46.7 लाख होतील. रेषा 44 वर आहे. म्हणजे खिशातून 21 च गेलेत, तरी आज बोर्डाला कळवायलाच हवं.

माझ्या मते निवड करणाऱ्याने नेमकं हेच पाहावं. 46.7 हा आकडा कसा काढायचा, हे प्रिन्स-टू तुम्हाला नीट शिकवत नाही. तो आकडा आल्यावर कुणी, कुणाकडे, काय पर्याय घेऊन जायचं, हे पीएमबॉक इतक्या बांधीवपणे ठरवून देत नाही. बदलांच्या मंजुरीची प्रक्रिया त्यात आहे, टप्प्यांअखेरीस थांबून पाहणंही आहे, पण मोकळीक किती आणि कुणाला हे बरंचसं संस्थेवर सोडलेलं असतं. आपला इंजिनिअर अहवालात तीन पर्याय मांडेल: जास्तीचे पैसे द्या, एक कोल्ड रूम पुढे ढकला, किंवा थांबा. ठरवणार बोर्ड. मार्ग बदलायचा ठरला, तर उरलेल्या टप्प्याची नवी योजना होते आणि ती जुन्या योजनेची जागा घेते.

दुसरा प्रसंग याहून अवघड. मेअखेरच्या वादळात पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या. पॅकहाउसचं काम मात्र वेळेत आणि पैशांत चाललंय. अर्न्ड व्हॅल्यूचे आकडे चकचकीत आहेत. पण कागदावर वर्षाला 120 कंटेनर धरले होते, 90 पर्यंत चालेल असं ठरलं होतं आणि आता अंदाज 70 वर आलाय. प्रिन्स-टूमध्ये फायद्यालाही मोकळीक लावता येते, म्हणून हासुद्धा अपवादच. शिवाय प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ‘हे काम अजून करण्यासारखं आहे का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. याचं उत्तर जिथे मांडलेलं असतं, तो काम का करायचं याचा हिशेब म्हणजे बिझनेस केस. सहाव्या पीएमबॉकमध्येही ती आहे, पण प्रकल्पाआधी तयार होणारा कागद म्हणून येते आणि सांभाळण्याची जबाबदारी प्रकल्पाला पाठबळ देणाऱ्या प्रायोजकावर असते. प्रायोजक झोपला तर इंजिनिअरचे आकडे हिरवेच राहतात.

आपल्याकडे यात एक वेगळीच गफलत होते. बँकेसाठी सीएकडून करून घेतलेला प्रोजेक्ट रिपोर्ट हीच बिझनेस केस समजली जाते. तो लिहिलेला असतो कर्ज फिटेल हे दाखवायला, काम थांबवावं का हे ठरवायला नव्हे. अनुदान कर्जाशी जोडलेलं आणि शेवटी मिळणारं असेल, तर अर्ध्यावर थांबण्याचीही किंमत पडते. ती किंमत नव्या हिशेबात उघडपणे मांडायला हवी: पूर्ण केलं तर काय, एकाच कोल्ड रूमवर भागवलं तर अनुदानाचं काय, थांबलो तर हातात काय उरतं. आतापर्यंत गेलेले पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. संचालकांना हे पटवणं सगळ्यात जड जातं, असं मला वाटतं.

प्रिन्स-टू कुठे फसतं? बोर्डावरच्या माणसांना खरा अधिकार नसेल तिथे. अध्यक्ष रोज सकाळी साइटवर येऊन सिमेंटच्या गोण्या मोजत असतील, तर मोकळीक कागदावरच राहते आणि अपवादाचा अहवाल कधी येतच नाही. दुसरी खूण म्हणजे बिझनेस केसवरची तारीख. तीन टप्पे झाले आणि तारीख सुरुवातीचीच असेल, तर पद्धत नावापुरती आहे. यंत्र विकणाऱ्यालाच बोर्डावर बसवणं हाही लहान कंपनीत पेच होतो. पैसे वाढवायचे का या चर्चेत तो समोर नको. अशा वेळी खरेदीची जबाबदारी घेणारा कंपनीचाच माणूस ती खुर्ची सांभाळू शकतो. आणि सगळे अहवाल साग्रसंगीत लिहीत बसलं तर चार माणसांची कंपनी कागदांतच दमेल. पद्धत कामाच्या आकाराला बेतून घेणं हे प्रिन्स-टूचं स्वतःचंच एक तत्त्व आहे.

पॅकहाउससाठी मी बोर्ड, टप्पे आणि मोकळीक प्रिन्स-टूकडून घेईन आणि कामाची फोड, वेळापत्रक, अर्न्ड व्हॅल्यू, कराराचे प्रकार पीएमबॉकच्या बाजूने. अध्यक्ष निर्णय सोडायला तयारच नसतील, तर बोर्डाचा खटाटोप करू नये. तिथे हिशेबाची साधनंच जास्त उपयोगी पडतील.

प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा आहे. जळगाव एमआयडीसीतल्या नवख्या मुलाला प्रिन्स-टूची फाउंडेशन ही पहिली परीक्षा अनुभवाशिवाय देता येते. पीएमपी हे पीएमबॉक काढणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र; त्यासाठी चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवण्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत पीएमपी जास्त दिसतं. ब्रिटनकडच्या, त्यातही सरकारी कामांत प्रिन्स-टूला मान आहे.