राऊथचा तक्ता की संगणकावर थेट मुळं? गेन ठरवताना काय वापरावं

बंद लूपची कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी हातात आली की प्रश्न एकच असतो: तिची किती मुळं s-प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात पडतात? एक जरी पडलं तरी प्रणाली अस्थिर. ही मोजणी दोन वाटांनी होते. एक तर संगणकाकडून सगळी मुळं काढून घ्यायची, नाहीतर मुळं न काढता राऊथचा तक्ता मांडून पहिल्या स्तंभातले चिन्हबदल मोजायचे. एडवर्ड जॉन राऊथ यांनी हा तक्ता 1877 साली दिला, तेव्हा चौथ्या-पाचव्या घाताची मुळं हाताने काढणं ही शिक्षाच होती. आज ती क्षणात निघतात. मग तक्ता कशासाठी मांडायचा? एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहिलं की हे नीट उमगतं.

समजा प्लांट 1/[s(s+1)(s+4)(s+5)] असा आहे, पुढे गेन K आहे आणि फीडबॅक एकक आहे. बंद लूपची बहुपदी अशी येते:

s⁴ + 10s³ + 29s² + 20s + K

K धन असेल तर सगळे सहगुणक धन आहेत. इथेच बरेच जण समाधान मानतात, पण ही अट फक्त आवश्यक आहे, पुरेशी नाही. K = 100 घेतला तरी सगळे सहगुणक धनच राहतात आणि प्रणाली मात्र अस्थिर असते.

संगणकाच्या वाटेने जायचं तर एवढं पुरतं:

```python
import numpy as np
np.roots([1, 10, 29, 20, 50])
```

चार मुळं समोर येतात, सगळी डावीकडे. पण हे उत्तर K = 50 चं झालं. 51 चं काय, 60 चं काय? प्रत्येक वेळी पुन्हा विचारावं लागतं, आणि सीमा कुठे आहे हे चाचपडतच कळतं.

आता तक्ता. पहिल्या ओळीत एकाआड एक सहगुणक, दुसऱ्या ओळीत उरलेले. तिसऱ्या ओळीचा पहिला आकडा (10×29 − 1×20)/10 = 27, दुसरा K. चौथ्या ओळीत (27×20 − 10×K)/27.

```
s^4 |  1            29    K
s^3 |  10           20
s^2 |  27           K
s^1 |  20 - 10K/27
s^0 |  K
```

पहिला स्तंभ वरून खाली वाचा. सगळं धन राहायचं तर K > 0 आणि 10K/27 < 20 हवं. म्हणजे 0 < K < 54. आकडा न घालता, एकाच मांडणीत पूर्ण पल्ला मिळाला. K = 100 घातला तर चौथ्या ओळीत सुमारे −17 येतात. 27 वरून −17 हा एक चिन्हबदल, −17 वरून 100 हा दुसरा. म्हणून उजवीकडे दोन मुळं.

बरोब्बर K = 54 ला चौथी ओळ पूर्ण शून्य होते. इथे घाबरून तक्ता सोडू नका, कारण सगळ्यात कामाची माहिती याच जागी असते. वरच्या ओळीवरून सहायक समीकरण लिहा: 27s² + 54 = 0, म्हणजे s = ±j√2. गेन 54 ला पोचला की लूप 1.414 रेडियन प्रति सेकंद या वारंवारतेने कायम डोलत राहील. गेन वाढवून दोलन सुरू होईपर्यंत न्यायचं आणि त्यावरून कंट्रोलर ट्यून करायचा, ही पद्धत वापरणाऱ्याला हे दोन्ही आकडे यंत्राला हात न लावता मिळतात.

माझं मत स्पष्ट आहे: बहुपदीत एक-दोन अक्षरं अज्ञात असतील तर आधी तक्ताच मांडावा. हुर्विट्झ यांनी 1895 मध्ये दिलेले निश्चयक हीच अट सांगतात, पण हाताने करताना तक्त्यात आकडेमोड कमी पडते.

तक्ता सांगत नाही ते म्हणजे एखादं मूळ काल्पनिक अक्षापासून किती लांब आहे. K = 50 ला तक्ता शांतपणे ‘स्थिर’ म्हणतो. संगणक मात्र दाखवतो की एक जोडी −0.025 ± j1.37 च्या आसपास आहे. याचा अर्थ दोलन निम्म्यापेक्षा थोडं खाली यायलाच सुमारे 40 सेकंद लागतील. अशी प्रणाली कुणी चालवायला घेणार नाही. मी सुरुवातीला तक्त्याच्या सीमेच्या जवळचा गेन निवडून निर्धास्त झालो होतो. पडद्यावरचा प्रतिसाद कितीतरी वेळ डोलतच राहिला, तेव्हा ‘स्थिर’ आणि ‘वापरण्याजोगं’ यांतला फरक कळला.

यावर तक्त्यातच एक उपाय आहे. अक्ष डावीकडे सरकवा: s च्या जागी z − 0.2 घाला आणि नव्या बहुपदीचा तक्ता मांडा. आपल्या उदाहरणात ती z⁴ + 9.2z³ + 23.24z² + 9.568z + (K − 2.9184) अशी होते. पहिल्या स्तंभावरून K साधारण 2.92 आणि 26 यांच्या मध्ये हवा असं निघतं. खालचीही मर्यादा आली हे लक्षात घ्या: गेन फार कमी ठेवला तर एक मूळ शून्याजवळच रेंगाळतं. या पल्ल्यात प्रत्येक मूळ −0.2 च्या डावीकडे असतं, म्हणजे सगळ्यात संथ घटकाचाही टाइम कॉन्स्टंट 5 सेकंदांच्या आत.

सगळे सहगुणक ठरलेले आकडे असतील, घात सात-आठ असेल आणि मुळांच्या जागाच हव्या असतील, तर हाताने तक्ता मांडण्यात अर्थ नाही. संगणक वापरा. फक्त मुळं अक्षावरच असण्याची शक्यता असेल तिथे सावध राहा. s⁴ + 2s² + 1 घ्या, म्हणजे (s²+1)². खरी मुळं ±j, प्रत्येक दोनदा. दुहेरी मुळाच्या बाबतीत सोळाव्या अंकातली छोटी चूक वर्गमुळाच्या प्रमाणात फुगते, त्यामुळे संगणक 10⁻⁸ च्या आसपासचा वास्तव भाग दाखवू शकतो, कधी ऋण तर कधी धन. तेवढ्यावरून ‘उजवीकडे दोन मुळं’ असं मोजलं तर ते चूक ठरेल.

तक्त्यात दुसरी ओळ पूर्ण शून्य येते. सहायक बहुपदी म्हणजे मूळ बहुपदीच. तिचं अवकलन 4s³ + 4s, म्हणून त्या ओळीत 4 आणि 4 लिहायचे. पुढची ओळ 1, 1. त्यानंतर पुन्हा शून्य ओळ, तिथे s² + 1 चं अवकलन करून 2. शेवटी 1. पहिला स्तंभ 1, 4, 1, 2, 1: एकही चिन्हबदल नाही, म्हणून उजवीकडे एकही मूळ नाही, हे नेमकं. पण शून्य ओळ दोनदा आली, म्हणजे अक्षावरची जोडी दुहेरी आहे. प्रतिसादात t·sin t सारखं पद येतं आणि ते वाढतच जातं. चिन्हबदल शून्य असूनही ही प्रणाली अस्थिरच धरायची. हा तक्ता मात्र पूर्णांक किंवा अपूर्णांकांत मांडा. दशांशात प्रोग्राम लिहून मांडलात तर शून्याच्या जागी 10⁻¹⁶ सारखा कचरा येईल आणि त्याच्या चिन्हावर सगळी मोजणी फिरेल.

लूपमध्ये शुद्ध विलंब असेल, पाइपातून वाहत येणाऱ्या द्रवाचं तापमान मोजताना असतो तसा, तर समीकरणात e⁻ᵀˢ येतो आणि ते बहुपदी राहत नाही. पाडे अंदाज घालून त्याची बहुपदी करता येते आणि तक्ताही मांडता येतो, पण येणारी सीमा त्या अंदाजाची असते. तिथे मी दोन्ही वाटा सोडून नायक्विस्टची आकृती काढतो.