रिव्हर्स पिकअप पॅनेल: मिक्सर विकणाऱ्यांसाठी काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वेगवेगळे कुरिअर एकाच ठिकाणी जोडून देणाऱ्या पॅनेलवरून आम्ही रिटर्नचे पिकअप लावतो. तारीख, पत्ता आणि कारण टाकलं की पिकअप लागतो, त्यात अवघड काही नाही. खरी मेख तपासणीत आहे.

दारावरच्या क्यूसीचे प्रश्न आपणच भरायचे असतात. 'मिक्सर चालू आहे का?' हा प्रश्न फुकट जातो, कारण पिकअपवाला प्लग लावून बघत बसत नाही. उभ्या-उभ्या देता येतील अशीच उत्तरं विचारा. आम्ही तीन प्रश्न ठेवलेत: तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर जुळतो का, तिन्ही जार झाकणांसकट आहेत का, आणि कुठे तडा दिसतो का. तिन्हींना फोटो सक्तीचा. नंबर जुळला नाही तर पिकअप दारातच रद्द होतो, त्यामुळे नव्याच्या खोक्यात जुना मिक्सर येणं बंद झालं.

'मोटर बंद पडली' अशी तक्रार असेल तर पिकअप लावण्याआधी फोन कराच. जारमध्ये जास्त भरलं की ओव्हरलोड स्विच उडतो. मिक्सर बंद करून थंड होऊ द्यायचा आणि तळाचं लाल बटण दाबायचं. बऱ्याचदा रिटर्न तिथेच मिटतो.

फोटो किती कामाचा, ते एका रिटर्नमध्ये दिसलं. तक्रार चटणीच्या जारला तडा गेल्याची होती, पण गोदामात मोठा जारही फुटलेला निघाला. मूळ खोकं ग्राहकाने टाकून दिलं होतं आणि मिक्सर नुसत्या कुरिअर बॅगेत आला होता. दारावरच्या फोटोत मोठा जार धड होता, म्हणून ती फूट वाहतुकीतली ठरली. ग्राहकाला रिप्लेसमेंट गेली आणि कुरिअरकडे क्लेम लागला. फोटो नसता तर 'ग्राहकाने फोडला' असा शेरा पडून रिटर्न नाकारला गेला असता, आणि तो सरळ अन्याय होता.

खरं तर एका जारसाठी अख्खा मिक्सर मागवूच नये. कुरिअर आकारावरूनही भाडं धरतं: 40 × 30 × 30 सेंमीच्या खोक्याच्या घनफळाला 5000 ने भागलं की 7.2 किलोचं भाडं लागतं, मग मिक्सर 5 किलोचा का असेना. आता आम्ही तड्याचा फोटो मागवतो आणि नुसता जार पाठवतो.

पॅनेलची मोठी उणीव म्हणजे 'ग्राहक उपलब्ध नाही' हा शेरा. फोनही न करता तो मारला जातो, आणि तिसऱ्या फेरीनंतर पिकअप आपोआप रद्द होतो. ग्राहकाच्या ओटीपीशिवाय रद्द न होण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते, आधी चालू करा.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरला यूपीआय किंवा बँक खातं पिकअप लावतानाच विचारून ठेवा, नाहीतर तपासणी पास होऊनही रिफंड अडकतो. नाकारलेला मिक्सर मात्र कारण आणि फोटो ग्राहकाला पाठवल्यावरच परत रवाना करा. आधी पाठवला तर ग्राहक तो दारातच घेत नाही आणि दोन्ही वेळचं भाडं आपल्या अंगावर पडतं.